सहाव्या वर्षाची कच्ची दाढ: मुलांच्या दातांवरील डागांचा आढावा

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांची तोंडे तपासली, तर तपकिरी किंवा पिवळट डाग असलेले दात हमखास सापडतात. त्यांचे स्पष्टीकरण घरोघरी तयार असते. डाग दाढेवर असेल तर ‘कीड लागली’ आणि पुढच्या दातावर असेल तर ‘बोअरच्या पाण्याचा परिणाम’. दोन्ही उत्तरे काही मुलांच्या बाबतीत बरोबर असतात. पण या दोहोंत न बसणारा तिसरा दोष गेल्या चार दशकांत दंतवैद्यकापुढे आला आहे. त्यात दाढ किडण्याआधीच, हिरडीतून वर येतानाच, कच्ची असते. या दोषाला २००१ साली युरोपातल्या संशोधकांनी मोलर इन्साइझर हायपोमिनरलायझेशन, थोडक्यात एमआयएच, असे नाव दिले. त्याच्या कारणांवर अजून एकमत नाही आणि उपचारांवरही मतभेद आहेत. तरीही या वादातली एक बाजू बऱ्यापैकी ठरलेली आहे. दोष का झाला हे सांगता येत नसले, तरी तो केव्हा झाला हे दात स्वतःच सांगतो. निदान आणि उपचार या दोहोंची वाट त्या ‘केव्हा’वरून काढता येते, असे मांडणे हा या आढाव्याचा उद्देश आहे.

डागांचा इतिहास

दातांवरच्या डागांचा अभ्यास पाण्यापासून सुरू झाला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने मुलांचे तपकिरी दात नोंदवायला सुरुवात केली. त्यांचे कारण पाण्यातले फ्लोराइड आहे, हे १९३१ साली कळले. भारतात नेल्लोर भागातल्या हाडांच्या फ्लोरोसिसची नोंद १९३७ मध्ये झाली. त्यानंतर आपल्याकडे डागाळलेला दात आणि फ्लोराइड यांची जोडी इतकी घट्ट बसली, की दुसरे काही शोधण्याची गरजच कुणाला वाटली नाही. स्वीडनमध्ये मात्र १९७० साली जन्मलेल्या मुलांच्या पहिल्या कायमच्या दाढांवर असे डाग दिसू लागले, जे फ्लोरोसिसच्या वर्णनात बसत नव्हते. कोख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये त्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १५ टक्के मुलांत हा दोष होता. त्या वेळी त्याला ‘अज्ञात कारणाचा’ एवढेच विशेषण लावता आले. २००३ साली अथेन्समध्ये बालदंतवैद्यांच्या युरोपीय संघटनेने निदानाचे निकष ठरवले, आणि मगच वेगवेगळ्या देशांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवणे शक्य झाले. आज जगभरचे अभ्यास एकत्र केले तर प्रमाण १३-१४ टक्क्यांच्या आसपास येते. भारतात गांधीनगर आणि उदयपूर इथल्या शाळांत ते ९ टक्क्यांच्या थोडे वर, तर चंडीगडमध्ये ६ टक्क्यांच्या थोडे वर आढळले. खानदेशाच्या शेजारच्या गुजरातचा आकडा धरला, तरी चाळीस मुलांच्या वर्गात अशी तीन-चार मुले असतील असे मानायला हरकत नाही.

दात आपली तारीख कशी सांगतो

एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कवच, दोन टप्प्यांत तयार होते. आधी पेशी प्रथिनांचा साचा उभा करतात. मग तीच प्रथिने काढून घेतली जातात आणि त्यांच्या जागी खनिज भरले जाते. पहिला टप्पा बिघडला तर कवच कमी जाडीचे होते आणि त्यावर खड्डे किंवा चरे पडतात. त्याला हायपोप्लेसिया म्हणतात. दुसरा टप्पा बिघडला तर आकार पूर्ण असतो, पण भट्टीत अर्धवट भाजलेल्या विटेसारखा ठिसूळपणा राहतो. एमआयएच हा दुसऱ्या प्रकारातला दोष आहे. अशा दाताच्या कवचात खनिज कमी असते आणि प्रथिने नेहमीपेक्षा अनेक पटींनी जास्त उरलेली असतात. डाग जितका गडद, तितका हा फरक मोठा. प्रथिनांचा मुद्दा पुढे उपचारांत पुन्हा येईल, म्हणून तो लक्षात ठेवावा.

आता वेळेचा हिशेब. पहिल्या कायमच्या दाढेत खनिज भरायला बाळाच्या जन्माच्या सुमारास सुरुवात होते आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत तिचा माथा तयार होतो. पुढच्या मधल्या दातांची सुरुवात जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी होते. उपदाढा मात्र दीड-दोन वर्षांनंतर आणि दुसरी कायमची दाढ अडीच-तीन वर्षांच्या सुमारास सुरू होते. म्हणून ज्या मुलाच्या पहिल्या दाढा आणि समोरचे दात डागाळलेले आहेत, पण नंतर आलेल्या उपदाढा स्वच्छ आहेत, त्याच्या बाबतीत जे काही झाले ते जन्माच्या आसपास आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच झाले. दूषित पाणी मूल वर्षानुवर्षे पीत असते, म्हणून फ्लोरोसिस उपदाढांनाही सोडत नाही. दुधाच्या दुसऱ्या दाढेचे खनिजीकरण गर्भातच पाचव्या महिन्याच्या आसपास सुरू होऊन जन्मानंतर काही महिने चालते, म्हणजे ते कायमच्या पहिल्या दाढेच्या काळाला स्पर्श करते. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दुसऱ्या दाढेवर असा डाग दिसला, तर पुढे कायमच्या दाढेतही दोष निघण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. खानदेशातल्या अंगणवाड्यांना या एका खुणेचा फार उपयोग होईल, आणि ती पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही.

फ्लोरोसिस, कीड की एमआयएच?

खानदेशात निदानाची खरी अडचण इथे आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खूप खाली गेले आहे आणि विंधनविहिरी खोल गेल्या आहेत, त्यामुळे पाण्यातल्या फ्लोराइडवर संशय जाणे साहजिक आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५. फ्लोराइड गावागावात, कधी शेजारच्या दोन बोअरमध्येही वेगळे असते. तेव्हा ‘डाग म्हणजे फ्लोराइड’ या समजाला आधार नाही असे कुणी म्हणू नये. प्रश्न एवढाच, की प्रत्येक डाग तोच आहे का. फ्लोरोसिसचा पांढरेपणा पसरलेला असतो. त्याच्या कडा विरत जातात, बारीक आडव्या रेषा दिसतात, आणि उजव्या-डाव्या बाजूचे जोडीचे दात जवळपास सारखे दिसतात. एमआयएचच्या डागाला स्पष्ट कड असते. तो पांढरा, मलईच्या रंगाचा, पिवळा किंवा तपकिरी असतो आणि एक मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तरच मोजला जातो. एका दाढेवर तो गडद असतो आणि तिच्या जोडीदार दाढेवर कधी अजिबात नसतो. कीड हिरडीजवळच्या, अन्न साचणाऱ्या भागात किंवा दाढेच्या फटीत सुरू होते. एमआयएचची दाढ मात्र उंचवट्याच्या टोकाशी तुटते, म्हणजे जिथे कीड सहसा लागत नाही तिथे. तुटलेल्या कडेला बोट लावले तर ती खरबरीत लागते. जन्मतः पडलेल्या खड्ड्याची कड मात्र गुळगुळीत आणि गोलसर असते. सर्वच दात, दुधाचे आणि कायमचे, सारखेच खराब असतील आणि घरात आई-वडिलांपैकी कुणाचे तसेच असतील, तर आनुवंशिक दोषाचा संशय घ्यावा. आणि एकाच कायमच्या दातावर डाग असेल, तर त्याच्या वरच्या दुधाच्या दाताला पूर्वी पू झाला होता का किंवा मार लागला होता का, ते विचारावे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एका मुलाला फ्लोरोसिसही असू शकतो आणि एमआयएचही, मग हा सारा भेद करून फायदा काय? फायदा उपचारात दिसतो. सौम्य फ्लोरोसिसचा दात दिसायला वाईट असला तरी किडीपुढे बऱ्यापैकी टिकतो आणि त्याला दुखणे नसते. एमआयएचची दाढ मात्र अनेकदा येताक्षणी दुखू लागते आणि तुटू लागते. पाण्याचा फिल्टर बसवून फ्लोरोसिस असलेल्या मुलाच्या धाकट्या भावंडाचा फायदा होईल, पण ज्याची दाढ आज तुटते आहे त्याला त्याचा काहीच उपयोग नाही. दोघांना एकाच शिक्क्याखाली टाकले, तर दुसऱ्याचे उपचार पाण्याच्या तपासणीच्या अहवालाची वाट पाहत राहतात.

कारणांचा वाद

कारणांबद्दल चार मुख्य मते आहेत, आणि प्रत्येकामागे काही पुरावा आहे. पहिले मत बाळपणीच्या आजारांचे. पहिल्या तीन वर्षांत वारंवार ताप, न्यूमोनिया, कानाचा संसर्ग झालेल्या मुलांत दोष जास्त आढळतो. दुसरे मत प्रतिजैविकांचे, विशेषतः अमॉक्सिसिलिनचे. फिनलंडमधल्या एका अभ्यासात त्याचा संबंध दिसला, आणि प्रयोगशाळेत उंदराच्या दातांवरही त्याचा परिणाम दिसला. पण औषध तापासाठीच दिले जाते, त्यामुळे दोष तापाचा की औषधाचा हे माणसांवरच्या नोंदींतून वेगळे करणे जवळपास अशक्य आहे. तिसरे मत जन्माच्या वेळच्या त्रासाचे. अपुऱ्या दिवसांचे बाळ, कमी वजन, प्राणवायूची कमतरता यांचा त्यात समावेश होतो. अलीकडे त्यात ‘ड’ जीवनसत्त्वाची भर पडली आहे. डेन्मार्कमध्ये गरोदरपणाच्या २४व्या आठवड्यापासून जास्त मात्रेत ‘ड’ जीवनसत्त्व घेतलेल्या मातांच्या मुलांत एनॅमलचे दोष सुमारे १५ टक्के, तर नेहमीची मात्रा घेतलेल्यांच्या मुलांत सुमारे २७ टक्के आढळले. २०१९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष लक्षवेधी आहे, पण ती चाचणी मुळात दातांसाठी आखलेली नव्हती, आणि नेदरलँड्समधल्या मोठ्या पाहणीत असा संबंध दिसला नाही. चौथे मत आनुवंशिकतेचे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत समान जुळ्यांमध्ये दोष जास्त वेळा एकत्र दिसतो, तरी तो पूर्ण जुळत नाही.

या सर्वांना एक गोष्ट अडते. ताप साऱ्या शरीराला येतो, मग चारपैकी एकच दाढ का बिघडते? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या हबर्ड यांच्या गटाने याचे वेगळे उत्तर सुचवले आहे. खनिज भरण्याच्या काळात रक्तातले अल्ब्युमिन त्या विशिष्ट जागी एनॅमलमध्ये शिरते, खनिजाच्या कणांना चिकटते आणि त्यांची वाढ थांबवते. डागाच्या स्पष्ट कडेचे स्पष्टीकरण या कल्पनेतून सर्वात चांगले मिळते. पण अल्ब्युमिन तिथे शिरते कशामुळे, हा प्रश्न मग मागे सरकतो आणि आजार, औषध, जन्म यांची यादी पुन्हा समोर येते. माझ्या मते आजच्या पुराव्यावर एका कारणावर बोट ठेवणे घाईचे होईल. ‘तुम्ही लहानपणी औषधे दिलीत म्हणून असे झाले’ असे आईला सांगणे तर अन्यायाचेच. तापाने फणफणलेल्या बाळाला औषध न देण्याचा सल्ला कोणताही अभ्यास देत नाही.

उपचार: एका नमुन्यावरून

उपचारांच्या मतभेदांकडे एका नमुन्यावरून पाहू. चोपडा तालुक्यातली साडेसात वर्षांची मुलगी आहे असे धरा. खालची उजवी पहिली दाढ तपकिरी आहे आणि तिचा एक उंचवटा तुटला आहे. वरच्या डाव्या दाढेवर मलईच्या रंगाचा अखंड डाग आहे, आणि समोरच्या एका दातावर पांढरा ठिपका. दुधाच्या शेवटच्या दाढांच्या मागे ही दाढ कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. मुलगी फ्रिजचे किंवा माठातले गार पाणी दुसऱ्या बाजूने पिते, कळण्याची भाकरी त्या बाजूने चावत नाही, आणि ब्रश तिथे फिरवत नाही कारण झणका येतो. ब्रश न फिरल्यामुळे मग खरोखरच कीड लागते. ‘कीड लागली’ हे घरच्यांचे निदान इथे खरे ठरते, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहे.

तुटलेल्या दाढेचे पाहू. ती अजून अर्धी हिरडीखाली आहे, त्यामुळे कोरडी ठेवता येत नाही, आणि कोरडी न राहिल्यास दातरंगी कंपोझिट चिकटत नाही. म्हणून पहिल्या भेटीत काचेच्या सिमेंटचे, म्हणजे ग्लास आयोनोमरचे, आवरण घालून झणका थांबवायचा आणि तीव्र फ्लोराइडचे व्हार्निश लावायचे. फ्लोरोसिसच्या चर्चेनंतर फ्लोराइड लावायचे म्हटल्यावर पालक बिचकतात. त्यांना सांगावे लागते की धोका दात तयार होत असताना रोज गिळलेल्या फ्लोराइडचा असतो. बाहेर आलेल्या दातावर थेंबभर लावलेले फ्लोराइड उलट कवच घट्ट करते. हे सिमेंट चावण्याच्या जोराखाली फार टिकत नाही, पण ते वेळ मिळवून देते, आणि इथे तेच हवे असते. बधीर करण्यातही अडचण येते. सच्छिद्र कवचातून गार-गरम सतत आत पोचल्याने दाताची नस आधीच चिडलेली असते, आणि नेहमीचे इंजेक्शन पुरे पडत नाही. पहिल्याच भेटीत दुखले की मूल पुन्हा खुर्चीत बसायला तयार होत नाही. स्वीडनमधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात नऊ वर्षांच्या वयापर्यंत एमआयएच असलेल्या मुलांच्या दाढांवर इतर मुलांच्या जवळपास दहा पट वेळा उपचार झाले होते, आणि दंतवैद्याची भीतीही त्यांच्यात जास्त होती. पुन्हा पुन्हा निखळणारी भरणी हे त्यामागचे मोठे कारण.

दाढ पूर्ण वर आली की मुख्य मतभेद सुरू होतो. कंपोझिट घालायचे तर खराब कवच किती काढायचे? एक मत म्हणते, कड निरोगी एनॅमलवर बसेपर्यंत सगळे काढा, कारण प्रथिने भरलेल्या कवचात आम्ल नीट काम करत नाही आणि चिकट थर धरत नाही. दुसरे मत म्हणते, हातात घट्ट लागेपर्यंतच काढा. मुलाच्या दाढेत नस मोठी आणि जवळ असते, तेव्हा निरोगी भाग गमावू नका. सोडियम हायपोक्लोराइटने मिनिटभर धुऊन प्रथिने कमी करण्याचा मधला मार्गही सुचवला जातो, पण त्याच्या निकालांत सातत्य नाही. दोन-तीन उंचवटे गेलेल्या दाढेत मात्र कंपोझिट पुन्हा पुन्हा निखळते. तिथे पोलादाची तयार टोपी, म्हणजे स्टेनलेस स्टील क्राउन, सर्वात भरवशाची ठरते. दातांमध्ये काही दिवस रबराच्या कड्या ठेवून जागा केली जाते. मग मापाची टोपी हिरडीच्या कडेपर्यंत बसवून सिमेंटने चिकटवतात. गार पाण्याचा झणका कमी होतो. आक्षेप दिसण्याचा आणि ‘कायमच्या दाढेला डबा कशाला’ असा असतो. पण ही टोपी मोठेपणी कायमचे आवरण घालेपर्यंत दाढ सांभाळण्यासाठी आहे. चोपड्याहून धुळ्यातल्या अण्णासाहेब चुडामण पाटील दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी दर तीन महिन्यांनी येणे ज्या घराला परवडत नाही, किंवा जे कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्यातच परतते, त्याच्यासाठी मला टोपीच योग्य वाटते. दर भेटीला दुरुस्त करावी लागणारी सुंदर भरणी तिथे सोयीची नाही.

वरच्या डाव्या, न तुटलेल्या दाढेला हात लावायची घाई नको. सीलंट, व्हार्निश आणि दर काही महिन्यांनी पाहणी पुरते. समोरच्या दातावरचा ठिपका मुलीला स्वतःला खटकत नसेल तर तसाच ठेवावा. पुढे खटकला तर वरचा थर हलकेच घासणे किंवा पातळ रेझिन आत शोषवणे असे मार्ग आहेत. मात्र रेझिनचा निकाल एमआयएचच्या डागात आधी सांगता येत नाही, कारण हा डाग अनेकदा खोलवरून सुरू होतो.

राहिला दाढ काढण्याचा पर्याय, ज्याकडे पालक पराभव म्हणून पाहतात. खालची उजवी दाढ टोपीपलीकडे गेलेली असेल, तर ती योग्य वेळी काढल्यास मागची दुसरी दाढ पुढे सरकून तिची जागा घेऊ शकते. ही संधी साधारण आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान असते, जेव्हा एक्स-रेत खालच्या दुसऱ्या दाढेच्या मुळांमधला दुभाग नुकताच तयार होताना दिसतो. उशीर झाला तर ती दाढ तिरकी होऊन फट उरते. वरच्या जबड्यात जागा सहज भरते, म्हणून तिथे थोडी सवड असते. अक्कलदाढ तयार होते आहे का आणि दातांत गर्दी आहे का, हे पाहूनच हा निर्णय घ्यावा. शक्यतो दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन घ्यावा. किती खराब दाढ टोपी घालून राखावी आणि कोणती वेळेत काढावी, यावर तज्ज्ञांत अजून एकच रेषा नाही. पण आठव्या वर्षी हा प्रश्न विचारलाच नाही, तर उत्तर आपोआप ठरते आणि ते बहुधा वाईट असते.

म्हणून शाळा तपासणी करणाऱ्या पथकांना एक विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि त्याच्या तपासणीत दातही येतात. तिथे ‘कीड’ लिहिण्याआधी डाग कोणत्या दातावर आहे, त्याची कड स्पष्ट आहे की विरलेली, आणि घरचे पाणी कुठले, एवढे तीन शब्दांत लिहावे. आणि पालकांनी मूल सहा वर्षांचे झाले की मोबाइलच्या उजेडात दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पाहावे. तिथे नवी दाढ दिसली तर ती कायमची आहे. तिच्यावर पिवळा किंवा तपकिरी डाग असेल, किंवा गार पाण्याने मूल तोंड वाकडे करत असेल, तर दात पडण्याची वाट पाहू नये.